कॅप्शनमध्ये तो नाही, पण 'आता' आहे

*माझं वय २९. तीन वर्षांचं नातं आठ महिन्यांपूर्वी संपलं. तमाशा काही झाला नाही, पण आमचा मित्रपरिवार एकच आहे आणि इन्स्टाग्रामवर सगळे एकमेकांना फॉलो करतात. मधल्या काळात मी पोहायला शिकले. पाण्याची मला लहानपणापासून भीती होती. परवा पहिल्यांदाच २५ मीटर न थांबता पोहले आणि मैत्रिणीने तलावाच्या काठावर माझा फोटो काढला. ओले केस, हातात गॉगल, चेहऱ्यावर हसू. तो मला टाकायचाय. मी बदललेय हे त्यातून दिसावं असंही वाटतं, पण त्याचं नाव, इशारा, टोमणा असलं काही नको. तीन कॅप्शन लिहिली आणि खोडली:*

*'काही माणसं गेल्यावरच मोकळा श्वास घेता येतो.'*
*'शेवटी स्वतःसाठी जगायला शिकले.'*
*'बुडेन असं वाटलं होतं ना? बघ, तरले.'*

*मग लिहू तरी काय?*

*काठावरची*

तिसऱ्यापासून सुरू करू. त्यात नाव नाही, 'तू' हा शब्दही नाही, आणि तरी तो माणूस वाक्याच्या मधोमध उभा आहे. 'बघ' हे एकवचनी आज्ञार्थी रूप. ज्याच्याशी आपलं अरे-तुरे आहे अशा एकाच माणसाला ते म्हणता येतं. त्याच्या आधीचं 'ना?' तर त्या माणसाकडून होकारही मागतं. फोटो बघणारे शंभर असोत की हजार, हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे असं त्यांतल्या कुणालाच वाटणार नाही. दोघांच्या बोलण्यात आपण चुकून डोकावलो, असं मात्र वाटेल. मग दुसरा कोण, हा प्रश्न ओघानेच आला, आणि तुमच्या मित्रपरिवाराला त्याचं उत्तर शोधावं लागणार नाही.

म्हणून पहिली अट व्याकरणाची आहे: कॅप्शनमध्ये द्वितीय पुरुष नको. 'तू', 'तुला', 'बघ', 'ऐक', 'आठवतं?' ही सगळी एकाच घरातली माणसं. त्यांतलं सगळ्यात फसवं म्हणजे 'थँक यू', कारण ते मोठ्या मनाचं दिसतं. 'मला इतकं कणखर केल्याबद्दल आभार' ही चिठ्ठीच असते, फक्त पाकिटावर पत्ता लिहिलेला नसतो.

पहिल्या कॅप्शनमध्ये तुम्ही अनेकवचनामागे लपायला बघितलंत. पण 'काही माणसं', 'काही लोकांना' अशी सुरुवात झाली की पुढे टोमणा येणार हे मराठी ऐकत वाढलेल्या कुणालाही कळतं. त्या 'काहीं'ची संख्या बहुतेक वेळा एक असते, हेही. शिवाय 'गेल्यावरच' मधला 'च' पाहा. तो काढून वाक्य पुन्हा वाचा. 'काही माणसं गेल्यावर मोकळा श्वास घेता येतो' हे बोचरं असलं तरी निरीक्षण आहे. 'च' लागला की ती माणसं होती तोवर तुमचा श्वास कोंडलेला होता, असा थेट आरोप होतो. सगळा आरोप त्या एका अक्षरात आहे.

दुसरं कॅप्शन तिघांत सभ्य आहे, आणि बहुतेक जण तिथेच थांबून ते टाकून मोकळे होतात. त्यात तो माणूस कुठून आला, हे शब्दाशब्दाने बघण्यासारखं आहे. 'शेवटी' म्हणजे बराच काळ ते घडत नव्हतं. 'स्वतःसाठी' म्हणजे आधी दुसऱ्या कुणासाठी तरी. 'जगायला शिकले' म्हणजे त्याआधी जे चाललं होतं त्याला जगणं म्हणत नाहीत. चार-पाच शब्दांत तुम्ही तीन वर्षांचा हिशेब मांडून ठेवलात आणि तो ज्याच्या नावावर निघतो त्याचं नाव तेवढं गाळलंत. दुसरी गोष्ट, या ओळीत फोटो कुठेच नाही. ओले केस नाहीत, गॉगल नाही, पाणी नाही. हेच वाक्य नव्या खोलीच्या, डोंगरावरच्या किंवा पदवीदान समारंभाच्या फोटोखालीही चाललं असतं. कॅप्शन कुठल्याही फोटोला चालतं, तेव्हा वाचणारा फोटो सोडून देतो आणि तुमचं आयुष्य वाचायला लागतो.

मागचं वाक्य मागणारे शब्द

'शेवटी', 'आता', 'पुन्हा', 'एकदाचं', 'तरीही' आणि तो 'च'. हे शब्द एकटे राहू शकत नाहीत. 'पुन्हा हसतेय' म्हटलं की मध्ये हसणं थांबलं होतं हे न सांगता सांगून होतं. 'तरीही उभी आहे' म्हटलं की कुणीतरी पाडायला निघालं होतं. हे मागचं वाक्य तुम्ही कॅप्शनमध्ये दिलं नाही, तर वाचणारा ते तुमच्या चरित्रातून उचलतो, आणि तुमच्या चरित्रातली सगळ्यात ताजी घटना सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर उपाय म्हणून हे शब्द हद्दपारच करायला हवेत असं नाही. मागचं वाक्य कॅप्शनमध्येच द्यायचं. 'आता मी वेगळी आहे' यातल्या 'आता'ला मागचं काही मिळत नाही, म्हणून तो ब्रेकअपला जाऊन चिकटतो. हे वाचा:

'आधी काठ सोडायला दहा मिनिटं लागायची. आता गॉगल लावायला लागतात तेवढीच.'

इथेही 'आता' आहे, पण त्याचा 'आधी' शेजारीच बसलाय. वाचणाऱ्याला बाहेर शोधायला जावं लागत नाही. बदल पूर्ण दिसतो आणि तो पाण्याच्या संदर्भातच राहतो. 'पुन्हा'चंही तसंच. 'पुन्हा जगतेय' नको. 'पहिल्या आठवड्यात नाकात पाणी गेलं, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलं' याला कुणाची हरकत नाही.

नकाराचीही एक गंमत आहे. 'आता रडत नाही' या वाक्यात रडणं पहिलं दिसतं, 'नाही' नंतर ऐकू येतं. 'कुणाची गरज नाही'मध्ये तो 'कुणी' हजर असतो. काय थांबलं हे सांगण्यापेक्षा काय सुरू झालं हे सांगा.

कच्चा माल: तीन नोंदी

लिहायला बसाल तेव्हा कॅप्शन लिहू नका. आधी तीन साध्या नोंदी करा: फोटोत डोळ्यांना काय दिसतंय, पूर्वी काय जमत नव्हतं ते आज जमतंय, आणि अजून काय जमत नाही. तिसरी नोंद लोक गाळतात. वाढ खरी वाटते ती मात्र याच नोंदीमुळे. सगळं जमलं, सगळं जिंकलं असं लिहिलं की कुणालातरी दाखवण्यासाठी लिहिलंय असा वास येतो. 'अजून बॅकस्ट्रोकला सरळ रेषेत जाता येत नाही' असं लिहिणारी बाई कुणाला काही सिद्ध करायला निघालेली नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप पटतं.

दुसऱ्या नोंदीत जितकं बारीक जाल तितकं बरं. 'पोहायला आलं' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय आलं ते लिहा. नवशिक्याला फ्रीस्टाइलमध्ये हात-पाय बऱ्यापैकी लवकर जमतात, अडतं ते श्वासापाशी. पाण्यात तोंड गेलं की तो श्वास धरून ठेवतो. मग मान बाजूला वळवल्यावर त्या क्षणभरात त्याला आधी श्वास सोडायचा असतो आणि मग घ्यायचा असतो. दोन्ही होत नाही. दम लागतो, घाबरून डोकं वर काढलं जातं, आणि डोकं वर आलं की पाय खाली जातात. पाण्याखाली असतानाच सावकाश बुडबुडे सोडत राहायचं आणि मान वळल्यावर फक्त घ्यायचा, ही युक्ती अंगात मुरली की अंतर वाढायला लागतं. तुमचे २५ मीटर याच मार्गाने आले असणार.

आता तुमच्या पहिल्या कॅप्शनमधला 'मोकळा श्वास' आठवा. तुम्हाला म्हणायचं होतं ते चुकीचं नव्हतं. तुम्ही श्वासाला रूपक म्हणून वापरायला गेलात आणि पंचाईत झाली. तो खरा श्वास, नाकातोंडातला, तुमच्याकडे आधीच आहे. त्यातून कॅप्शन कसं तयार होतं ते टप्प्याने पाहू.

पहिला मसुदा: 'पाण्याने मला श्वास सोडायला शिकवलं.' बरा आहे, पण जरा सुभाषितासारखा. 'पाण्याने शिकवलं' म्हणताना आवाज उंच होतो, आणि उंच आवाजातलं वाक्य लोक उलटसुलट करून बघतात.

दुसरा: 'श्वास धरून ठेवायचा नसतो, सोडायचा असतो हे उशिरा कळलं.' इथे 'उशिरा' हा शब्द पुन्हा मागचं मागतो. 'धरून ठेवायचा नसतो' हेही पाण्याचा उल्लेख नसल्यामुळे माणसांबद्दल वाचलं जाईल.

तिसरा: 'पाण्याखाली श्वास धरायचा नसतो, सोडायचा असतो. हे कळायला तीन आठवडे गेले.' आता पाणी आलं, काळ आला, आणि तो काळ पोहण्याच्या वर्गाचा आहे, नात्याचा नाही.

चौथा:

'पाण्याखाली श्वास धरायचा नसतो, सोडायचा असतो. हे कळायला तीन आठवडे गेले. आज २५ मीटर, न थांबता.'

इथे थांबा. (तुम्हाला लागलेला वेळ तीन आठवडे नसेल तर खरा आकडा घाला.) ज्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याच्यासाठी हे पोहायला शिकल्याचं पुरेपूर वाक्य आहे. ज्याला सगळं माहीत आहे तो 'धरायचा नसतो, सोडायचा असतो' यापाशी कदाचित क्षणभर रेंगाळेल. रेंगाळू दे. त्याने 'हे कुणाबद्दल आहे?' असं विचारलं तर 'श्वासाबद्दल' हे उत्तर खरं आहे, बनवलेलं नाही. सूक्ष्म म्हणतात ते एवढंच. दुसरा अर्थ असला तरी चालतो, पण पहिल्या अर्थाला स्वतःच्या पायावर उभं राहता यायला हवं.

श्वासाचा मार्ग नको असेल तर त्याच नोंदींतून आणखी दोन निघतात:

'माझ्या उंचीपेक्षा खोल पाण्यात पहिल्यांदाच पोहले. खाली बघितलं नाही.'

'२९व्या वर्षी शिकलेली गोष्ट: पाय तळाला टेकत नसतानाही पुढे जाता येतं.'

दुसऱ्यात थोडी धार आहे, कारण 'पाय टेकत नसताना' हे आयुष्याबद्दलही खरं आहे. पण 'तळ' हा शब्द ते पाण्यात ठेवतो. तो काढलात तर तोल जाईल.

क्रियापदाचं शेपूट

मराठीत काळ आणि लिंग दोन्ही क्रियापदाच्या टोकाला असतात, आणि दोन्ही चुगली करतात.

'शिकले' म्हणजे विषय संपला. 'शिकतेय' म्हणजे अजून चालू आहे. ब्रेकअपनंतरच्या कॅप्शनमध्ये 'सावरले', 'बदलले', 'विसरले' अशी पूर्ण झालेली क्रियापदं निकाल लागल्यासारखी वाजतात, आणि ज्याच्या विरोधात निकाल लागला तो पक्ष लगेच आठवतो. त्यातही 'सावरले' टाळाच, कारण तोल कुणीतरी घालवला असल्याशिवाय कुणी सावरत नाही. पोहण्यासारख्या मोजता येणाऱ्या गोष्टीला साधा भूतकाळ शोभतो: 'पोहले', 'पार केलं'. मनाच्या गोष्टी लिहायच्याच असतील तर चालू काळात लिहा.

लिंगाची अडचण निराळी. 'कुणीतरी म्हणाला होता, तुला जमणार नाही' यातल्या 'म्हणाला'ने निम्मी माहिती देऊन टाकली. मग काही जण नपुंसकलिंगाचा आडोसा घेतात: 'कुणीतरी म्हणालं होतं'. हा आडोसा एरवी चांगला आहे, पण इथे तो उलटतो. लपवलंय हे दिसतं, आणि लपवलेली वस्तू माणूस आधी शोधतो. ते वाक्य कुणी खरंच म्हणालं असेल, तर त्याला कॅप्शनमध्ये जागाच देऊ नका. 'मला जमणार नाही असं मला वाटायचं' यात शंका तुमची, पाणी तुमचं, तिसरा माणूस नाही.

'एकटी' आणि 'एकटीने' यांतही फरक आहे. 'एकटी' ही अवस्था झाली, तिच्यासमोर 'दोघं' हा शब्द आपोआप उभा राहतो. 'एकटीने' ही पद्धत झाली, काम कसं केलं ते सांगते. एकटीने केलेल्या प्रवासाच्या फोटोखाली 'एकटीने' लिहिणं रास्त आहे. तलावाच्या काठावर मात्र दोन्ही नको. फोटो मैत्रिणीने काढलाय.

आकडे कुठून मोजायचे

आकडा असला की वाढ ठोस दिसते, पण तो कुठून मोजलाय हे लोक मोजतात. 'आठ महिन्यांपूर्वीची मी आणि आजची मी' असं लिहिलंत तर आठ महिन्यांपूर्वी काय झालं हे तुमच्या परिवारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तारीख लिहिली की नाव लिहिल्यासारखंच. मोजायला सुरुवात पोहण्याच्या पहिल्या दिवसापासून करा. तो दिवस नेमका ब्रेकअपच्या आठवड्यातलाच असेल तर महिने मोजू नका, खेपा मोजा: 'बाविसावा वर्ग, पहिले २५ मीटर.' खेपांवरून कुणाला तारीख काढता येत नाही. 'हे वर्ष'ही जपून वापरा. डिसेंबरच्या अखेरीस सगळेच वर्षाबद्दल लिहितात, तेव्हा ते गर्दीत मिसळतं. मध्येच कधीतरी 'हे वर्ष अवघड होतं' आलं की कारण विचारलं जातं.

अवघड होतं हे मान्यच करायचं असेल तर? करता येतं, आणि कधीकधी तेच प्रामाणिक असतं. एक वाक्य, प्रथम पुरुषी, कारण न देता, आणि लगेच खाली ठोस गोष्ट. 'बरेच दिवस कशातच मन लागत नव्हतं. पाण्यात लागलं.' मनाबद्दल एकच वाक्य पुरे. दुसरं आलं की ते कैफियत होतं.

घडी कुठे पडते

फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, उरलेलं दुमडलेलं असतं, आणि ते उघडणारे थोडे. पण लोक धक्का देण्यासाठी मुद्दाम असं लिहितात: 'ज्याला वर्षानुवर्षं घाबरले त्याला आज सोडलं', आणि खाली, घडीच्या आत, 'म्हणजे काठाला'. विनोद म्हणून ठीक, पण निम्मे लोक पहिलीच ओळ वाचून पुढे जातील आणि संध्याकाळी तीच ओळ फोनवर एकमेकांना सांगतील. पाणी, अंतर, गॉगल यांपैकी एक तरी शब्द पहिल्या पाच-सहा शब्दांत यायलाच हवा. कॅप्शन एकूण वीस शब्दांच्या आसपास ठेवलंत तर घडीचा प्रश्नच फारसा येत नाही. लांब कॅप्शनला बंदी नाही, पण ब्रेकअपनंतरचं लांब कॅप्शन लोक निवेदन म्हणून वाचतात.

शब्दांच्या आजूबाजूला

शब्द निर्दोष असूनही इमोजी सगळं ओतून देतो. तुटलेलं हृदय कुणी टाकणार नाही, पण फुलपाखरू, राखेतून उठणारा पक्षी, ज्वाला आणि मावळता सूर्य यांचेही अर्थ आता ठरून गेलेत. लाट किंवा पोहणारा माणूस चालेल, कारण ते फोटोतलंच आहे. फोटोला जोडलेलं गाणं हेही कॅप्शनच असतं. विरहाचं किंवा सुटकेचं गाणं लावलंत तर तुमच्या मेहनतीने तासलेल्या ओळीकडे कुणी बघणार नाही. गाणं नकोच, किंवा शब्द नसलेलं. हॅशटॅगचंही असंच: 'नवी सुरुवात' आणि 'स्वतःवर प्रेम' हे टॅग नात्याकडे बोट दाखवतात, 'पोहणं' दाखवत नाही. चारोळ्या आणि शेर यांच्याबद्दल एवढंच, की त्यातले बहुतेक विश्वासघातावर लिहिलेले असतात आणि तो विश्वासघात तुमच्या खात्यावर जमा होतो, झाला असो वा नसो.

दिवस निवडताना त्याचा वाढदिवस, तुमची जुनी खास तारीख आणि त्याने नुकताच काही टाकलेला दिवस सोडा. त्याच्या फोटोनंतर तासाभरात तुमचा आला तर तो उत्तर ठरतो, खाली फक्त 'पोहले' एवढंच असलं तरी. मध्यरात्रीनंतर टाकू नका. संध्याकाळी लिहा, फोनच्या नोंदवहीत ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा. रात्री सूक्ष्म वाटलेली ओळ सकाळी बऱ्याचदा भोंग्यासारखी वाजते. टाकून तासाभराने काढून घेण्यापेक्षा हे बरं, कारण काढलेली पोस्ट हीच मोठी बातमी होते.

आणि हा फोटो स्टोरीत किंवा स्टेटसवर टाकू नका, पोस्ट म्हणूनच टाका. कारण तांत्रिक आहे. स्टोरी कोणी पाहिली त्याची यादी तुम्हाला दिसते. पोस्ट कोणी पाहिली ते दिसत नाही, फक्त कोणी लाइक केली किंवा कमेंट केली तेवढंच कळतं. यादी असेल तर तुम्ही ती उघडाल, त्याचं नाव शोधाल, सापडलं तरी आणि नाही सापडलं तरी संध्याकाळ जाईल. मग पुढचं कॅप्शन त्या एका नावाकडे बघून लिहिलं जातं. लोक टोमण्यापर्यंत बहुधा असेच हळूहळू पोचतात.

कमेंटमध्ये तुमची मैत्रीण

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि याची तयारी कुणी करत नाही. तुम्ही श्वासाबद्दल लिहाल आणि तुमची जवळची मैत्रीण प्रेमापोटी खाली लिहील, 'बरं झालं गेला तो, बघ कशी चमकतेयस!' झालं. तुमचं कॅप्शन आता या कमेंटचं शीर्षक आहे.

टाकण्याआधी ज्या दोघीतिघी असं लिहिण्याची शक्यता आहे त्यांना खासगीत निरोप पाठवा: 'फोटो टाकतेय. पोहण्याबद्दलच बोला, बाकी काही नको.' तरी कुणी लिहिलंच तर उत्तर देऊ नका, लाइकही नको, कारण तुमचा लाइक ही तुमची सही असते. कमेंट काढून टाका आणि तिला फोन करून सांगा. फारच धास्ती असेल तर त्या पोस्टपुरत्या कमेंट बंद ठेवता येतात, पण तुमच्या बाबतीत ते नको. पोहण्याच्या फोटोखाली कमेंट बंद दिसल्या की त्यात काहीतरी आहे असं वाटतं. एखादा माणूस नेहमीच खोचक लिहीत असेल तर त्याला 'रिस्ट्रिक्ट' करा. मग त्याची कमेंट तुम्ही मंजूर करेपर्यंत त्याची त्यालाच दिसते, बाकीच्यांना नाही, आणि तसं केल्याची सूचना त्याला जात नाही.

दोन वाचक

टाकण्याच्या आधी ओळ दोन माणसांच्या डोळ्यांनी वाचा. पहिला असा, की ज्याला तुमचं काहीच माहीत नाही, समजा वर्गात शेजारच्या लेनमध्ये पोहणारी बाई. तिला वाक्य पूर्ण कळतं का, की काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतं? राहिलंय असं वाटलं तर ते राहिलेलं म्हणजे तोच. दुसरा वाचक म्हणजे त्याची बहीण किंवा त्याचा जवळचा मित्र. त्याने ही ओळ फोनवर मोठ्याने वाचून दाखवली तर ती टोमण्यासारखी ऐकू येते का? पहिला वाचक अर्धवटपणा पकडतो, दुसरा सूर पकडतो. दोघांतून पार झालेली ओळ टाकायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र कुठलीच शब्दयोजना कामाला येत नाही. ती ओळ त्याने वाचावी अशीच तुमची इच्छा असेल, तर ती तुम्ही कितीही तासलीत तरी तिचा रोख त्याच्याकडेच राहतो. ओळखायचं असेल तर स्वतःला विचारा, त्याने मला ब्लॉक केलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं का? उत्तर 'नाही' आलं तर वाक्य बदलू नका, प्रकारच बदला. भावना पूर्ण काढून फक्त नोंद ठेवा: '२५ मीटर. बाविसावा वर्ग.' नोंदीत रोख धरायला काही नसतं. आणि गंमत म्हणजे तुमच्या चेहऱ्यावरचं हसू अशा कोरड्या ओळीवर जास्त उठून दिसतं.

फोटो टाकल्यावर कुणीतरी 'काय गं, एकदम बदललीस!' असं लिहीलच. ही खिंड अवघड आहे, कारण उत्तरात 'हो ना, बदलायलाच हवं होतं' असं सहज निघून जातं आणि त्यातला 'च' पुन्हा सगळं बिघडवतो. उत्तर तयार ठेवा, तलावातलंच: 'पाय अजून खाली जातात, पण कमी.'